ठोका वेगळा, बोल वेगळे: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तालाचा एक तास

पहिलीच्या वर्गात जाऊन नुसतं म्हणा, "गाण्यावर टाळ्या वाजवा," आणि बघा. निम्मी मुलं गाण्याच्या चालीबरोबर एकसारख्या अंतराने टाळी देतील. उरलेली प्रत्येक शब्दावर, जमेल तितक्या टाळ्या मारतील. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर असतात, पण एकत्र ऐकलं की नुसता गलका. आपण त्याला "ताल चुकतोय" म्हणतो आणि पुन्हा तेच करायला लावतो. खरं तर ताल चुकलेला नसतो. आपण एकाच सूचनेत दोन वेगळ्या गोष्टी मागितलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे गाण्याखाली सतत चालू असलेला, समान अंतराचा ठोका. गाणं थांबलं तरी तो मनात चालूच राहतो. दुसरी म्हणजे त्या ठोक्यांवर बसलेले शब्द किंवा आघात. ते कधी एका ठोक्यात एक येतात, कधी दोन, तर कधी एकही येत नाही. संगीताच्या भाषेत पहिल्याला मात्रा म्हणतात, पण मी वर्गात हा शब्द मुद्दाम टाळते. या वयाच्या मुलांना मात्रा म्हटलं की अक्षरावरची तिरकी रेघच आठवते. एकदा एका मुलीने "मात्रा मोजा" म्हटल्यावर फळ्यावरच्या ओळीतले ए-कार मोजून दाखवले होते. म्हणून मी पहिल्याला "ठोका" म्हणते आणि दुसऱ्याला "बोल". हे दोन शब्द वर्षभर बदलायचे नाहीत.

या लेखात एका तासाची आखणी आहे. मुलं तीसच्या आसपास, तास 40 मिनिटांचा, वाद्यं घरी बनवलेली. संपूर्ण तास एकाच चार ओळींवर चालतो. नवीन गाणं, नवीन हालचाल आणि नवीन वाद्य असं सगळं एकाच तासात आणलं की मुलं गोंधळतात आणि कुठे चुकलं हे आपल्यालाही कळत नाही.

चार ओळी

थेंब थेंब टपटप थेंब
ढग काळा गडगड ढग
बेडूक मारी डुबकन उडी
चिंब चिंब चिंब (गप्प)

प्रत्येक ओळीत चार ठोके आहेत, म्हणजे चार ओळींत 16. बोल मात्र सगळीकडे सारखे नाहीत. पहिल्या ओळीत "थेंब"ला एक टाळी आणि "टपटप"ला दोन, म्हणजे एकूण पाच. दुसरीत सहा, कारण "काळा" आणि "गडगड" या दोघांना दोन-दोन. तिसरीत प्रत्येक शब्दाला दोन, म्हणून आठ. चौथीत फक्त तीन, आणि चौथा ठोका रिकामा. बेरीज 22. ठोके 16 आणि बोल 22, हा फरक मुलांच्या हातातून निघाला पाहिजे. आपण सांगून उपयोग नाही.

इथे आपल्या लिपीचा एक सापळा आहे. "ढग" लिहायला दोन अक्षरं लागतात, "टपटप"ला चार. नुकतीच अक्षरओळख झालेली मुलं अक्षरं मोजून टाळ्या देतात: ढ-ग, दोन टाळ्या. पण आपण बोलताना शेवटच्या "ग"मधला स्वर उच्चारतच नाही, म्हणून कानाला "ढग" एकाच आघातात ऐकू येतो. मुलं चुकत नसतात, ती वाचत असतात. यावर उपाय सोपा आहे. हाताची पालथी बाजू हनुवटीखाली धरायची आणि शब्द नेहमीच्या बोलण्यासारखा म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितक्या टाळ्या. "ढग" म्हणताना एकदाच, "बेडूक" म्हणताना दोनदा. म्हणूनच या तासात ओळी फळ्यावर लिहायच्या नाहीत. आधी कान, मग हात, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी.

स्वतः ओळी रचणार असाल तर याच नियमाने तपासा. शेवटचा व्यंजन अर्धवट उच्चारला जाणारे छोटे शब्द (वाघ, मोर, बैल) एका आघाताचे असतात. घोडा, ससा, हत्ती, मांजर हे दोन आघातांचे. तीन आघातांचे शब्द पहिल्या तासात नकोतच, कारण एका ठोक्यात तीन समान भाग बसवणं या वयात अवघड जातं.

किती गतीने म्हणायचं

मोठ्या माणसांची सहज गती मुलांच्या गतीपेक्षा मंद असते. आपल्याला आरामात वाटणाऱ्या गतीने आपण ठोका दिला की मुलांना मध्ये मोकळी जागा उरते आणि ती लवकर टाळी देऊन टाकतात. फार जलद घेतलं तर शब्दच तोंडात बसत नाहीत. मी मिनिटाला साधारण 96 ठोके धरते. त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही. या गतीने चारही ओळी एकदा म्हणायला बरोबर 10 सेकंद लागतात. घरी सेकंदकाटा बघत चार-पाच वेळा म्हणून बघा, म्हणजे गती अंगात बसते.

हा 10 सेकंदांचा हिशोब नंतरही कामाला येतो. वर्गात तिसऱ्या-चौथ्या फेरीला घड्याळावर नजर टाका. तीच कविता 8 सेकंदांत संपत असेल तर गती मिनिटाला 120 झाली आहे, म्हणजे वर्ग धावतोय. आपण स्वतः मुलांबरोबर धावत असतो म्हणून हे आपल्या कानाला कळत नाही. घड्याळ मात्र धावत नाही.

मोबाइलवरचा तयार ठोका लावून त्यावर टाळ्या घेणं सोपं वाटतं, पण या वयात मी ते करत नाही. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला होता. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी यंत्र, तर कधी नुसता आवाज होता. माणसाबरोबर वाजवताना मुलांचा ठोका जास्त जुळला. आपली मुलं त्याहून थोडी मोठी असली तरी वर्गात तेच दिसतं. मुलं आवाजाच्या मागे जात नाहीत, ती येणाऱ्या हाताच्या मागे जातात. हात वर गेला की खाली कधी येणार हे त्यांना आधीच दिसतं. स्पीकरमधून येणारा टक मात्र आधी सांगून येत नाही.

पहिली दहा मिनिटं: फक्त ठोका

मुलांना गोल उभं करा. दोन मुलांमध्ये हात पसरता येतील इतकं अंतर हवं. बाकं हलवता येत नसतील तर बाकापाशी उभं राहूनही चालेल. टाळी मात्र इतक्यात नको.

सुरुवात मांडीपासून करा. उभं राहून किंचित वाकून दोन्ही तळहात मांडीवर, एकाच वेळी. टाळीपेक्षा याला दोन कारणांनी पहिला मान. एक तर आवाज कमी होतो, म्हणून मुलांना तुमचा आवाज आणि एकमेकांचा ठोका ऐकू येतो. दुसरं, हात मांडीवरून उचलून परत आणण्याचा प्रवास टाळीपेक्षा लांब असतो आणि त्या प्रवासात वेळ आपोआप भरला जातो. टाळीत हात जवळजवळच असतात, त्यांना करायला काही उरत नाही, म्हणून ते लवकर परत येतात. मुलं टाळीत धावतात त्याचं मोठं कारण हेच आहे.

सुरू करण्याआधी त्याच गतीत म्हणा, "एक, दोन, सगळे, सुरू." हे चार शब्द नुसती सूचना नसून गतीच देत असतात, म्हणून ते ठोक्यावरच पडले पाहिजेत. बऱ्याचदा आपण "एक, दोन, तीन, सुरू करा" घाईत म्हणतो आणि मग सावकाश सुरू करतो. मग पहिल्या दोन ठोक्यांत वर्ग विस्कटतो आणि दोष मुलांना जातो.

आता 16 ठोके, तुम्ही आणि मुलं एकत्र, न बोलता. मग परत 16. आता तुम्ही चार ओळी म्हणा, मुलं फक्त ठोका चालू ठेवतील. शब्द ऐकू आल्याबरोबर काही मुलांचे हात शब्दांच्या मागे जातील, विशेषतः तिसऱ्या ओळीत, कारण तिथे शब्द दुप्पट आहेत. थांबू नका, रागावू नका. तुमचा हात नुसता जास्त उंच उचला. उंच उचललेला हात दिसला की बहुतेक मुलं दोन-तीन ठोक्यांत परत येतात.

आता मुलांनाही ओळी म्हणायला लावा. दोन-तीन फेऱ्यांत त्या पाठ होतात. एक फेरी कुजबुजत घ्या, कारण आवाज वाढला की गतीही वाढते आणि कमी झाला की हात सावध होतात. वर्ग धावत असेल तेव्हा "हळू, हळू" म्हणून ओरडण्यापेक्षा "आता बेडकाला ऐकू जाऊ द्यायचं नाही" असं म्हटलेलं जास्त लागू पडतं.

मग जागा बदला. एक फेरी खांद्यावर, एक पायाने जमिनीवर. पायाने करताना गती मंदावण्याची शक्यता असते, कारण अख्खं वजन उचलावं लागतं. चवडा टेकलेलाच ठेवून टाच हलवायला सांगा, म्हणजे उड्या मारणं थांबतं आणि ठोकाही टिकतो. चुटकी मात्र या वयातल्या कितीतरी मुलांना वाजवताच येत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ओर्फ यांच्या पद्धतीत अंगावरच्या ठोक्यांचे चार मजले मानले जातात: पाय, मांडी, टाळी, चुटकी. मी चुटकीच्या जागी एका तळव्यावर दोन बोटं ठेवते. आवाज बारीक येतो आणि कुणीही मागे राहत नाही.

समोर उभं राहून डावं-उजवं दाखवत असाल तर आरशासारखं करा. मुलांनी उजवा पाय उचलायचा असेल तर तुम्ही डावा उचला. साधी गोष्ट आहे, पण विसरली की गोलातली निम्मी मुलं पाय बघत गोंधळून उभी राहतात.

टाळी आता, पण शब्दांसाठी

दहा मिनिटांनंतर पहिल्यांदा टाळी येते, आणि तिचं काम वेगळं असतं. "आता ठोका नाही. आता तोंड जे म्हणेल तेच हात म्हणतील." एक ओळ तुम्ही टाळ्यांसह म्हणा, मुलं लगेच परत करतील. चारही ओळी अशा प्रतिध्वनीसारख्या घ्या. टाळी पूर्ण तळहाताची नको. दोन बोटं तळव्यावर, हलकी. भरलेल्या टाळीत "गडगड"चे दोन बोल चिकटतात.

मग विचारा, "कोणत्या ओळीत सगळ्यात जास्त टाळ्या?" मुलं बेडकाची ओळ सांगतात. "आणि कोणत्या ओळीत कमी?" बहुतेक जण चौथी सांगतात, पण कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, त्यात एक राहिली." तिथेच थांबा, कारण त्या एका वाक्यात पुढची दहा मिनिटं आहेत.

रिकामा ठोका

तासातली सगळ्यात कठीण जागा चौथ्या ओळीच्या शेवटी आहे. "चिंब चिंब चिंब" झालं की मुलं थेट "थेंब" म्हणतात. रिकामा ठोका गिळला जातो आणि 16 ऐवजी 15 ठोक्यांत फेरी संपते. मुलांच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. आवाज संपला म्हणजे काम संपलं, मग वाट कशाची बघायची? आपण नुसतं "थांबा" म्हटलं तर काही जण अर्धा ठोका थांबतात, काही दोन.

म्हणून गप्प बसण्यालाही एक हालचाल द्यायची. चौथ्या ठोक्यावर दोन्ही हात झटकन बाजूला उघडायचे, अंगावरचं पाणी झटकल्यासारखे. आवाज नाही, पण ठोका आहे. आता फेरी अशी होते: चिंब, चिंब, चिंब, झटक. पहिल्या दोन फेऱ्यांत तोंडाने "झटक" म्हणा, तिसरीत कुजबुजा, चौथीत फक्त हात. असं केलं की मुलांच्या मनात त्या ठोक्याची जागा तयार होते. आवाज नसतानाही वेळ चालू राहतो, हे त्यांना इथे पहिल्यांदा कळतं.

ओळखायचं कसं? दोन फेऱ्या न थांबता घ्या आणि दुसऱ्या फेरीच्या पहिल्या "थेंब"कडे कान द्या. तो सगळ्यांचा एकत्र आला तर रिकामा ठोका बसला. "थें-थें-थेंब" असा विखुरला तर अजून बसलेला नाही. वाद्यांकडे जायची घाई करू नका. माझ्या अनुभवात हा टप्पा पहिलीत एका तासात पुरा होत नाही, आणि तो पुढच्या तासावर गेला तरी काही बिघडत नाही.

दोन गट

आता दोन्ही गोष्टी एकाच वेळी. वर्गाचे दोन भाग करा. एक गट मांडीवर ठोका देईल, दुसरा दोन बोटांनी बोल वाजवेल. ओळी आधी तुम्ही म्हणा, मग दोन्ही गट म्हणतील, आणि शेवटी कुणीच मोठ्याने म्हणणार नाही, सगळे मनात म्हणतील. नुसत्या हातांतून कविता ऐकू आली की मुलं एकमेकांकडे बघून हसतात. तासातला माझा आवडता क्षण तोच.

ठोक्याच्या गटात थोडी जास्त मुलं घ्या, तीसपैकी अठरा. बोल जास्त भरगच्च असतात आणि ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढतात. ठोक्याचा गट लहान असला की पहिल्या ओळीतच तो बोलांत वाहून जातो. तुम्ही ठोक्याच्या गटात उभं राहायचं. हात बदलायची वेळ आली की तिथल्या तिथे "आता तुम्ही बोल" म्हणून उलटसुलट करा, मुलांना जागा सोडायला लावू नका. एका गटाकडून दुसऱ्या जागी चालत जाताना ताल तुटतो आणि गोंधळ सुरू होतो.

काही मुलं विचारतील, "मी दोन्ही करू?" म्हणजे पायाने ठोका आणि हाताने बोल. करू द्या, पण सगळ्यांकडून मागू नका. पहिलीतल्या मुलाला हात आणि पाय दोन वेगळ्या कामांना लावणं जड जातं. दुसरीच्या अखेरीस बऱ्याच जणांना जमू लागतं.

वाद्यं, आणि ती उशिरा का द्यायची

मी सुरुवातीला वाद्यं तासाच्या आरंभीच वाटायची. एकदा तीस बाटल्या एकदम मुलांच्या हातात दिल्या आणि तो तास तिथेच संपला. दोन बाटल्यांची झाकणं उघडली, तांदूळ फरशीवर सांडले आणि उरलेला वेळ वेचण्यात गेला. तेव्हापासून वाद्यं शेवटच्या दहा मिनिटांतच निघतात, आणि झाकणं चिकटवलेली असतात.

या तासाला तीन प्रकार पुरेत.

पहिला खुळखुळा. अर्ध्या लिटरच्या कोरड्या प्लास्टिक बाटलीत दोन चहाचे चमचे तांदूळ किंवा बारीक खडे. यापेक्षा जास्त घातले तर आवाज मोठा होत नाही, उलट दबतो, कारण दाण्यांना आपटायला जागाच उरत नाही. बाटली आतून ओली असेल तर तांदूळ भिंतीला चिकटतात, म्हणून आदल्या दिवशी उघडी ठेवून वाळवा. झाकणाला आतून गोंद लावून घट्ट बसवा, वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. दाणे लहान मुलांच्या नाकात-तोंडात जाऊ शकतात, म्हणून ही पट्टी दर वेळी तपासायची.

खुळखुळ्याचा एक दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाटली पुढे हलवली की दाणे एका बाजूला आपटतात आणि मागे आणली की दुसऱ्या बाजूला. म्हणजे मुलाला वाटतं एक ठोका दिला, पण आवाज दोन येतात आणि त्यामध्ये सरसर पसरते. असे पंधरा खुळखुळे एकत्र आले की ठोका कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून बाटली हलवू नका, आपटा. एका हातात बाटली आडवी धरून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकी मारायची आणि लगेच थांबवायची. आवाज छोटा आणि स्पष्ट येतो.

दुसरा काठ्यांचा जोड. हातभर नको, वीतभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड दोन सुक्या लाकडी काठ्या. टोकं घासून गुळगुळीत केलेली. एक काठी मुठीत घट्ट आवळली तर आवाज "थप" असा मेलेला येतो. ती हलक्या, पोकळ मुठीवर टेकवून ठेवायची आणि दुसरीने मधोमध मारायचं, मग "टक" असा स्वच्छ आवाज निघतो. बोलांसाठी हेच वाद्य सगळ्यात योग्य, कारण त्याचा आवाज लगेच थांबतो आणि "डुबकन" मधले दोन्ही बोल वेगळे ऐकू येतात.

तिसरा डबा. पुठ्ठ्याचं खोकं किंवा प्लास्टिकचा डबा उपडा ठेवून बोटांनी वाजवायचा. पत्र्याचा डबा घ्यायचा असेल तर कापलेली कड आत राहील असा आणि कडेवर जाड चिकटपट्टी लावलेला. डब्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून चामड्यासारखं वाजवता येतं, फुग्याची मान कापून उरलेला भाग ओढून वर दोन रबरबँड लावायचे. आवाज खोल येतो. पण रबराची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर हा प्रकार टाळा. उपड्या डब्याचं तोंड जमिनीला पूर्ण टेकवू नका, एका कडेखाली पेन्सिल सरकवा. हवेला बाहेर यायला वाट मिळाली की आवाज मोकळा होतो.

वाटताना सगळ्यांना वाद्य देऊच नका. पाच डबे ठोक्याला, पाच काठ्यांचे जोड बोलांना, तीन खुळखुळे फक्त रिकाम्या ठोक्याला. बाकीची मुलं मांडी आणि टाळीवर राहतील, मग अदलाबदल. आवाजाचा तोल त्यामुळे राहतो, आणि ज्यांच्या हातात वाद्य नाही ती मुलं खरोखर ऐकतात. वाजवायचं नसेल तेव्हा वाद्य "झोपतं", म्हणजे जमिनीवर आडवं ठेवायचं आणि हात मागे. हा एक नियम वाद्यं देण्याआधी शिकवा, नंतर शिकवता येत नाही.

रिकाम्या ठोक्यावर खुळखुळा वाजला की मुलांना फार गंमत वाटते: चिंब, चिंब, चिंब, खुळ्ळ. दोन फेऱ्या झाल्या की खुळखुळ्यांनाही गप्प करा. ती जागा आता आपोआप टिकते का, हे तिथेच कळतं.

मोठ्या आवाजाने घाबरणारं मूल असेल तर त्याला डब्यापासून लांब आणि दारापाशी जागा द्या, कान झाकायची मुभा द्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला उपड्या डब्यावर किंवा बाकावर तळहात टेकवून उभं करा. डब्याचा ठोका त्याच्या तळव्याला थेट कळतो.

फळ्यावर

शेवटच्या चार-पाच मिनिटांत फळ्यावर चार गोल काढा. हे ठोके. प्रत्येक गोलाखाली बोल: एक असेल तर एक उभी रेघ, दोन असतील तर वरून जोडलेल्या दोन रेघा, काहीच नसेल तर मोकळं. पहिली ओळ दिसते: रेघ, रेघ, जोडरेघा, रेघ. चौथी: रेघ, रेघ, रेघ, मोकळं. वाचताना मी एका रेघेला "ता" आणि जोडरेघांना "ती-ती" म्हणायला लावते. ही पद्धत हंगेरीचे झोल्तान कोदाय यांच्या शिकवणीतून जगभर पोचली. तुम्हाला दुसरे बोल सोयीचे वाटत असतील तर ते घ्या, फक्त मध्ये बदलू नका.

मग एक कोडं घाला. मुलांना न सांगता चारपैकी एक ओळ फळ्यावर काढा आणि विचारा, "ही कोणती?" दुसरी ओळ काढलीत तर मुलं आधी मनात वाजवून बघतात, बोटं हलताना दिसतात. ढगाची ओळ त्यांनी रेघांवरून ओळखली म्हणजे रेघा वाचल्या गेल्या.

कुणाला जमलं, कसं बघायचं

तीस हात एकत्र वाजत असताना कानाने काही कळत नाही, चांगली वाजवणारी सात-आठ मुलं सगळ्यांना झाकून टाकतात. म्हणून ऐकू नका, बघा. दर तासाला फक्त चार मुलांची नावं मनात ठेवा आणि त्यांचेच हात बघा.

मी तीन गोष्टी बघते. तुमच्याबरोबर 16 ठोके नीट जातात का. तुम्ही मध्येच हात खाली ठेवलात, काही न सांगता, तर पुढचे आठ ठोके मूल तसंच चालू ठेवतं का. आणि शेजारचा गट बोल वाजवत असताना त्याचा ठोका टिकतो का. दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त सांगून जाते. जे मूल तुमच्या हाताकडे बघून प्रत्येक ठोका क्षणभर उशिरा देतं, ते अजून ठोक्याची नक्कल करतंय. तुम्ही थांबलात की त्याचेही हात थांबतात. त्याच्यासाठी पुन्हा टाळी घेऊ नका. त्याच्या शेजारी उभं राहून एक फेरी एकत्र चाला, एका ठोक्याला एक पाऊल. पाऊल उचललं की ते कुठेतरी टेकवावंच लागतं, म्हणून पुढचा ठोका आधीच ठरतो आणि वाट बघून नक्कल करायला वावच राहत नाही.

पुढच्या तासाला याच चार ओळी घ्या, गती मिनिटाला 80 करा. तीच फेरी आता 12 सेकंदांची होईल, आणि मंद गतीत रिकामा ठोका पुन्हा गिळला जातो का ते बघा.